‘आहे’चा कागद आणि ‘देईन’चा कागद

२०२४ च्या जुलैमध्ये गावोगावच्या अंगणवाड्यांत आणि सेतू केंद्रांवर लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात होते. अर्जासोबत एक हमीपत्र द्यायचे होते. बहुतेकींनी ते न वाचता सही केली, यात नवल काही नाही. पण ज्यांच्याकडे त्याची झेरॉक्स असेल त्यांनी एकदा सवडीने वाचावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, घरात कोणी आयकर भरत नाही, अशी सारी वाक्ये. यात हमी कसली? पुढे अमुक करीन असे वचन त्यात जवळजवळ नाहीच; आज घरात काय आहे आणि काय नाही एवढेच सांगितले आहे. नाव हमीपत्र, पण ऐवज स्वयंघोषणापत्राचा.

उलट प्रकारही आहे. सरकारी नोकरीला लागताना लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. नाव ऐकून उमेदवार स्टँप व्हेंडरकडे धावतो आणि नोटरीचा शिक्का मारून आणतो. वास्तविक २००५ च्या नियमांतला तो एक ठरावीक नमुना आहे. उमेदवाराने स्वतःच्या सहीने केलेले ते निवेदन असते आणि शपथ कोणासमोरही घ्यायची नसते.

म्हणजे कागदाच्या डोक्यावर काय छापले आहे यावर विसंबून चालत नाही. कार्यालयांतही या शब्दांची सरमिसळ इतकी झाली आहे की ‘प्रतिज्ञापत्र/हमीपत्र/स्वयंघोषणापत्र (लागू नसेल ते खोडा)’ असे छापलेले नमुने मी पाहिले आहेत. काय खोडायचे ते ज्याला कळते त्याला मुळात त्या नमुन्याची गरज नसते!

मग ओळखायचे कसे? पहिली खूण क्रियापदाची. मजकुरातली वाक्ये ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’, ‘झाले’ अशी संपत असतील तर तो वस्तुस्थिती सांगणारा कागद, म्हणजे शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र. वाक्ये ‘देईन’, ‘करीन’, ‘करणार नाही’, ‘परत भरीन’ अशी संपत असतील तर ते हमीपत्र. दुसरी खूण सहीची. वस्तुस्थिती सांगणाऱ्या कागदावर फक्त स्वतःची सही असेल तर स्वयंघोषणापत्र; शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर उभे राहून, शपथ घेऊन सही केली असेल तर शपथपत्र. या दोनच खुणांनी शंभरातले नव्वद कागद ओळखता येतात.

शपथपत्रालाच प्रतिज्ञापत्र म्हणतात आणि बोलताना ॲफिडेव्हिट. दोन मराठी नावे असण्याला एक कारण आहे. १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार ज्याला देवाची शपथ घ्यायची नसेल त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, आणि दोहोंचे वजन सारखेच. शपथ कोण देऊ शकतो? नोटरी, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, आणि कोर्टाच्या कामासाठी कोर्टाने नेमलेला अधिकारी. स्टँप व्हेंडर नाही, कागद टाइप करणारा दस्तलेखकही नाही. नोटरी तुमची ओळख पटवतो, तुम्ही त्याच्यासमोर सही करता, तो आपल्या नोंदवहीत ती नोंदवतो आणि तो नोंदणी क्रमांक कागदावर लिहितो. शपथपत्राचा जीव या समोरासमोरच्या सहीत आहे. घरून सही करून भाच्याच्या हाती कागद पाठवला आणि शिक्का मारून आणला, तर दिसायला तो शपथपत्रासारखाच दिसेल. पण शपथ कोणी घेतली, हा प्रश्न उलटतपासणीत आला की उत्तर देणे अवघड होते.

शपथपत्रात लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते शेवटच्या चार ओळींकडे. त्याला सत्यापन म्हणतात. परिच्छेद १ ते ४ मधला मजकूर मला स्वतःला माहीत आहे म्हणून खरा आहे, आणि परिच्छेद ५ मधला मजकूर अमक्याकडून मिळालेल्या माहितीवरून मी खरा मानतो, असे त्यात वेगळे करून लिहायचे असते. सरसकट ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीनुसार खरा आहे’ असे लिहून मोकळे होण्याची सवय जुनी आहे. १९५२ साली मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सरकारी सचिवांच्या शपथपत्रात नेमकी हीच चूक होती. आतल्या मजकुरावरून काही गोष्टी त्यांना जातीने माहीत असल्याचे दिसत होते, आणि सत्यापनात मात्र सगळेच माहिती व विश्वासावर सोडून दिले होते. असल्या ढिल्या सत्यापनामुळे एखाद्या प्रकरणात शपथपत्र फेटाळलेही जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावले. सत्तर वर्षांनंतरही तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टांच्या संगणकात तीच ओळ साठवलेली आहे.

आता मुख्य प्रश्न: शपथपत्र लागते कधी? माझे उत्तर आहे, एखादा कायदा किंवा नियम ते मागतो तेव्हाच. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ मार्च २०१५ रोजी एक निर्णय काढला. जिथे कायद्याने किंवा नियमाने शपथपत्र बंधनकारक नाही, तिथे ते मागू नये, अर्जदाराचे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र घ्यावे, असा त्याचा आशय. सोबत दोन प्रपत्रे दिली. प्रपत्र ‘अ’ म्हणजे अर्जातली माहिती खरी असल्याची घोषणा. प्रपत्र ‘ब’ म्हणजे जोडलेल्या झेरॉक्स मूळ कागदांच्या खऱ्या प्रती असल्याची घोषणा. म्हणजे कागदांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही शोधत फिरणेही संपले. उत्पन्नाचा दाखला, वय आणि अधिवासाचा दाखला अशा रोजच्या अर्जांना ही घोषणा पुरते. पासपोर्टच्या बाबतीत केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये हेच केले. अर्जासोबतची सगळी परिशिष्टे साध्या कागदावरची स्वयंघोषणा झाली आणि नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर जाण्याची अट गेली.

शपथपत्र उरले कुठे? निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला मालमत्ता, देणी आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते, ते नमुना २६ मध्ये. लोकप्रतिनिधित्व कायदा आणि त्याखालचे नियम ते मागतात, म्हणून तिथे २०१५ च्या निर्णयाचा उपयोग नाही. जात पडताळणी समितीपुढे वंशावळीचे शपथपत्र लागते. तेही नियमातच आहे. कोर्टातल्या अर्जांना तर लागतेच. या यादीत आपला अर्ज बसत नसेल आणि खिडकीवरचा माणूस ‘नोटरी करून आणा’ म्हणत असेल, तर नम्रपणे विचारावे, ‘साहेब, कोणत्या नियमात आहे?’ कधीकधी नियम निघतो आणि आपण मुकाट्याने नोटरीकडे जातो. पण बऱ्याचदा निघत नाही.

इथेच मुद्रांकाचाही घोळ उकलून घेऊ. १४ ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शपथपत्राचा मुद्रांक शंभराचा पाचशे रुपये झाला. त्यानंतर दाखल्यांसाठी रांगेत उभे असलेले पालक पाचशेचा स्टँप पेपर घेऊन येऊ लागले. पण शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्रावरचे मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ झालेले आहे. ते साध्या कागदावर लिहावे. नोटरीची फी आणि तिकीट तेवढे वेगळे. शपथपत्र सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायचे नसेल, एखादी खासगी कंपनी ते मागत असेल, तर ही माफी लागू नाही. आणि स्वयंघोषणापत्र हे शपथपत्रच नसल्यामुळे त्याला स्टँप पेपर लावणे म्हणजे पाचशे रुपये वाया घालवणे.

स्वयंघोषणा साध्या कागदावर असते म्हणून ती हलकी, असा समज मात्र महागात पडतो. त्या प्रपत्रातच लिहिलेले असते की माहिती खोटी आढळल्यास खटला भरला जाईल याची मला जाणीव आहे. जुन्या नमुन्यांत भारतीय दंड संहितेची कलमे १९९ आणि २०० छापलेली दिसतात. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमे २३६ आणि २३७ आली आहेत. पुरावा म्हणून स्वीकारण्याचा अधिकार लोकसेवकाला कायद्याने दिलेला असेल, अशा घोषणेत खोटे विधान केले तर खोटी साक्ष दिल्याइतकीच शिक्षा, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. कोर्टाच्या कामकाजात शपथेवर खोटे सांगितले तर सात वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात खटल्यापेक्षा आधी येते ते दाखला रद्द होणे, आणि त्या दाखल्यावर मिळवलेला प्रवेश किंवा सवलत जाणे.

हमीपत्राची गोष्ट निराळी आहे. तिथे खोटे बोलण्याचा प्रश्नच सहसा येत नाही, कारण उद्याविषयीचे वाक्य आज खरे किंवा खोटे नसते. प्रश्न येतो तो वचन मोडल्याचा, आणि वचन मोडल्यावर काय व्हायचे हे हमीपत्र कोणाला दिले यावर ठरते. कोर्टाला दिलेली हमी सर्वांत कडक. मुंबईत भाडेकरूविरुद्ध जागा रिकामी करण्याचा हुकूम झाला की भाडेकरू मुदत मागतो, आणि कोर्ट बहुधा हमीपत्र घेऊन मुदत देते: अमुक तारखेला जागा सोडीन, तोवर दुसऱ्या कोणाला आत घेणार नाही. तारीख उलटली आणि जाणूनबुजून जागा सोडली नाही तर तो १९७१ च्या कायद्याखाली न्यायालयाचा दिवाणी अवमान होतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायद्याने मागितलेल्या हमीपत्राचे दात स्थानिक स्वराज्य संस्थांत दिसले. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या उमेदवाराकडे जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर समितीकडे केलेल्या अर्जाची पोच आणि एक हमीपत्र देऊन त्याला उभे राहता येत असे. निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रमाणपत्र आणून देईन असे ते हमीपत्र. मुदतीत दिले नाही तर निवड आपोआप रद्द, असे कायद्यात होते. निवडून आलेले अनेक जण म्हणू लागले, समितीनेच उशीर केला, आमचा काय दोष? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ही मुदत बंधनकारक ठरवली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्यानंतर राज्यभरात नगरसेवकांच्या आणि सदस्यांच्या खुर्च्या गेल्या. पुढे शासनाला मुदती वाढवून द्याव्या लागल्या, हा त्यापुढचा राजकीय भाग. विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी वैधता प्रमाणपत्राची पोच जोडून जे हमीपत्र दिलेले असते, त्याचीही जात हीच. मूळ प्रमाणपत्र द्यायची तारीख दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवावी, कारण त्या तारखेनंतर रडून उपयोग होत नाही.

आता एका घराचे कागद प्रत्यक्ष लावून पाहू. वडील वारले; निवृत्त शिक्षक होते. मागे आई, मुलगा, आणि लग्न होऊन इंदूरला गेलेली मुलगी. गावी दोन एकर जमीन, बँकेत खाते आणि ठेव, आईला मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतन, आणि मुलाच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश. एका महिन्यात चार अर्ज. मुलाने पहिल्यांदा केले ते असे की चारही ठिकाणी चालावे म्हणून एकच मसुदा बनवला: ‘शपथपूर्वक हमी देऊन घोषित करतो की...’ चार प्रती, चार स्टँप पेपर. चारही ठिकाणांहून तो परत आला.

जमिनीपासून सुरुवात करू. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जातो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आणि वारसांची नावे सांगणारे शपथपत्र. यातली सगळी वाक्ये ‘आहे’ची: वडील अमुक तारखेला वारले, त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही, त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असे तीनच वारस आहेत, यांखेरीज दुसरा कोणी नाही. प्रत्येकाचे वय, नाते, पत्ता. मुलाने पहिल्या मसुद्यात बहिणीचे नाव घातलेच नव्हते. ‘तिचं लग्न झालंय, आणि तिला काही नकोय,’ हे त्याचे म्हणणे. महाराष्ट्रातल्या वारस शपथपत्रांत सर्वांत नेहमीची खोट कोणती असेल तर हीच. बहिणीला खरोखरच काही नको असेल, तरी ती वारस आहे ही वस्तुस्थिती बदलत नाही. शपथपत्रात तिचे नाव आलेच पाहिजे. हिस्सा सोडायचा असेल तर तो नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तिने स्वतः सोडायचा. भावाने शपथेवर तिला पुसून टाकायचे नाही. नाव गाळले असते तर काय झाले असते? गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. बहिणीने हरकत घेतली की नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते, आणि भावाचे शपथपत्र त्याच्याच विरुद्धचा कागद बनते.

बँकेत वेगळे. वडिलांनी खात्याला आईचे नामनिर्देशन केलेले असते तर मृत्यूचा दाखला, ओळखीचा पुरावा आणि बँकेचा दावा अर्ज एवढ्यावर काम भागले असते. नामनिर्देशन नव्हते. अशा वेळी वारस कोण हे सांगणारा ‘आहे’चा कागद लागतो, आणि त्याशिवाय नुकसानभरपाईचे बंधपत्र लागते: पुढे कोणी दुसरा वारस उभा राहिला आणि बँकेला पैसे द्यावे लागले तर आम्ही ते भरून देऊ. हा ‘देऊ’चा कागद, हमीपत्राचा थोरला भाऊ. त्यात पैशाची जबाबदारी असल्याने त्याला मुद्रांक लागतो, आणि मसुदा बँकेचाच वापरायचा असतो. पैसे मुलगा एकटा घेणार असेल तर आई आणि बहीण यांची ना हरकत. इंदूरहून बहिणीने पाठवलेला ‘माझी हरकत नाही’ असा व्हॉट्सॲपवरचा संदेश बँकेने मान्य केला नाही, करणारही नाही.

निवृत्तिवेतन देणारी बँक आईकडून एक छोटे हमीपत्र घेते. चुकून जास्त रक्कम जमा झाली तर ती वसूल करायला माझी संमती आहे, मी ती परत करीन. हे मुलाने शपथपत्र समजून आईला नोटरीकडे नेण्याची तयारी केली होती. गरज नव्हती, बँकेच्या छापील नमुन्यावर आईची सही पुरली. सही आईचीच हवी, मुलाची नको, हे मात्र इथे महत्त्वाचे. वचन ज्याने द्यायचे त्यानेच सही करायची.

राहिला नातीसाठीचा उत्पन्नाचा दाखला. तिथे प्रपत्र ‘अ’ची स्वयंघोषणा, साध्या कागदावर, मुलाच्या सहीने. इथे एक खाचखळगा होता. घोषणेत उत्पन्न किती लिहायचे? फक्त मुलाचा पगार लिहिला होता; गावच्या शेतीचे उत्पन्न गाळले होते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, म्हणून ते उत्पन्नच नसते असे नाही. सातबाऱ्यावर नाव लागायच्या आधीच ती स्वयंघोषणा आणि नंतरचा सातबारा एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देत उभे राहिले असते. शेतीची रक्कम मिळवून घोषणा नव्याने लिहिली.

या तीनही कागदांना न जमणाऱ्या काही गोष्टी आहेत, त्या सांगून ठेवतो, कारण लोक त्यांच्यासाठीच नोटरीकडे जास्त जातात. शपथपत्राने जन्मतारीख बदलत नाही. जन्म नोंदवहीतली नोंद दुरुस्त करावी लागते. शपथपत्राने जमीन कोणाच्या मालकीची होत नाही. आणि स्टँप पेपरवर नवरा-बायकोने सह्या करून नोटरीचा शिक्का घेतला म्हणून घटस्फोट होत नाही. लग्नही होत नाही. नोटरींनी विवाह आणि घटस्फोटाचे दस्त करून देऊ नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाला २०२४ मध्ये लेखी बजावावे लागले. तरीही पोटगीच्या दाव्यात असे कागद अजून निघतात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले.

त्या घरातल्या मुलाचे चारही कागद शेवटी लागले. शपथपत्र एक, बंधपत्र एक, हमीपत्र एक, स्वयंघोषणा एक. नोटरीचा शिक्का फक्त पहिल्या कागदावर, मुद्रांक फक्त दुसऱ्यावर. आधी घेतलेले चार स्टँप पेपर त्याच्या कपाटात आहेत. न वापरलेला मुद्रांक ठरावीक मुदतीत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे परताव्यासाठी देता येतो, पण त्याने त्यांवर मजकूर टाइप करून सहीही केली होती.